दुसरा केक का बसतो? कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह की ओटीजी

«नमस्कार. मी निपाणीत राहते. घरात २८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे, त्यातच केक करून ऑर्डरी देते. आठवड्याला पाच-सहा केक होतात, बहुतेक एक किलोचे आणि एगलेस. दिवाळीला नानकटाई आणि कुकीज किलोच्या हिशोबानं जातात. केक वरून फुगून मध्ये फुटतो, खालून मात्र पांढरा राहतो. एका दिवशी दोन केक असले की दुसरा हमखास बसतो. ओटीजी घ्यावा का, घेतला तर किती लिटरचा? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं, लाईटही जाते, तेही लक्षात घेऊन सांगा. – एक वाचक»

ताई, ओटीजी म्हणजे वर-खाली तापणारे रॉड असलेला साधा विजेचा ओव्हन, तो घ्या. पण मायक्रोवेव्ह विकू नका, आणि ओटीजी येईपर्यंत आहे त्यातही केक सुधारतो, तो कसा ते आधी सांगतो.

दुसऱ्या केकचं दुखणं ओव्हनच्या चांगल्या-वाईटपणाचं नाही, ते थांबण्याचं आहे. एगलेस केकमध्ये दही किंवा व्हिनेगर आणि खायचा सोडा असतो. ओलं आणि कोरडं एकत्र झालं की त्याच मिनिटाला गॅस सुटायला लागतो आणि पाच-दहा मिनिटांत त्याचा मोठा भाग उडून जातो. तुम्ही दोन्ही केकचं मिश्रण एकदम करत असणार. पहिला भांड्यात घालून आत जातो, दुसरा ओट्यावर चाळीस मिनिटं वाट बघतो. आत जाईपर्यंत त्याच्यात फुगायला काही उरलेलं नसतं. बेकिंग पावडरचं मिश्रण थोडं जास्त तग धरतं, कारण तिचा काही भाग उष्णता लागल्यावरच काम करतो. पण चाळीस मिनिटं तीही धरत नाही.

म्हणून आजपासूनच एवढं करा. दोन केकचं कोरडं साहित्य दोन डब्यांत वेगवेगळं मोजून चाळून ठेवा, ओलं दोन भांड्यांत ठेवा, आणि दुसरं मिश्रण पहिला केक बाहेर काढताना एकत्र करा. पहिल्या केकचं भांडं बाहेर, दार लगेच बंद, ओव्हन पुन्हा तापायला लावायचा आणि त्या पाच-सात मिनिटांत दुसरं कालवायचं. एवढ्यानं दुसरा केक पहिल्याइतका उठेल. वेळ मात्र दुप्पट जाणार, आणि त्यासाठीच ओटीजीचा विचार करायचा.

आता फुटणं आणि पांढरं राहणं. कन्व्हेक्शन मोडमध्ये तुमच्या मायक्रोवेव्हचा हीटर आणि पंखा एकाच बाजूला असतात, बहुतेक मॉडेलांत मागच्या भिंतीआड. पंखा गरम हवा आत फिरवतो. खालून वेगळी उष्णता नसते. त्यात भांडं थेट फिरत्या ताटावर ठेवलं तर बुडाला हवा लागतच नाही, काठ आणि वरची पापडी मात्र लवकर धरते. मधलं मिश्रण अजून पातळ असतं, ते फुगायला जागा शोधतं आणि धरलेली पापडी फोडून वर येतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

सोबत आलेली बुटकी जाळी काढा आणि भांडं तिच्यावर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. भांड्याच्या चारी बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेत. २८ लिटरच्या ताटाचा व्यास साधारण ३० सेंटिमीटर असतो, त्यामुळे आठ इंची गोल भांडं ठीक, नऊ इंची जेमतेम. चौकोनी भांडं आधी रिकामं ठेवून फिरवून बघा, कोपरे भिंतीला अडकले तर ताट फिरणार नाही. रेसिपीत १८० अंश लिहिलं असेल आणि ती साध्या ओव्हनची असेल, तर पंख्याच्या ओव्हनमध्ये १६० लावा. दही आणि कंडेन्स्ड मिल्कच्या केकला तर १६० च बरं, त्यातली साखर लवकर तांबूस होते. जुन्या टॉवेलची भांड्याच्या उंचीएवढी पट्टी कापून भिजवा, पिळा आणि भांड्याभोवती गुंडाळून पिनेनं अडकवा. काठ उशिरा धरतो, केक सपाट येतो आणि वरचा घुमट कापून टाकण्यात जाणारा माल वाचतो.

एक गोष्ट दर वेळी बघा. पॅनेलवर नुसतं कन्व्हेक्शन आहे ना, कॉम्बी तर लागलं नाही ना? कॉम्बीत मायक्रोवेव्हही चालू असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातून ठिणग्या उडतात आणि केक आतून चामट होतो. घाईत बटण चुकून दाबलं जातं.

इथपर्यंत फुकटातली दुरुस्ती झाली. तरीही ओटीजी का, तर त्याचं उत्तर कुकीजमध्ये आहे.

एक किलो नानकटाईचा हिशोब मांडू. कच्चा गोळा २० ग्रॅमचा धरला तर भाजून तो १८ ग्रॅमच्या आसपास भरतो. किलोला पंचावन्न नग लागतात. पसरायला जागा ठेवून दोन नगांच्या मध्यांत सात सेंटिमीटर अंतर धरायचं. तुमच्या गोल ताटावर असे बारा बसतात, म्हणजे पाच घाणे. प्रत्येक घाणा सोळा मिनिटांचा आणि काढ-घाल करून पुन्हा ताव यायला तीन मिनिटं. किलोला पंचाण्णव मिनिटं झाली. आता ३८ बाय ३० सेंटिमीटरचा चौकोनी ट्रे घ्या. त्यावर पाच गुणिले चार, वीस नग बसतात. तीन घाण्यांत काम झालं, सत्तावन्न मिनिटं. दिवाळीत एका दिवशी पाच किलो असेल तर मायक्रोवेव्हमध्ये तेवीस घाणे म्हणजे सव्वासात तास. ओटीजीत चौदा घाणे, साडेचार तासांच्या आत. ओटीजीची नानकटाई चवीला काही वेगळी लागत नाही. फरक पडतो तो घाण्यांच्या संख्येत.

यात ट्रे दोन हवेत. एक आत असताना दुसरा भरून ठेवायचा. एकच ट्रे असला की गरम ट्रेवर गोळे ठेवले जातात, तूप तिथंच वितळतं आणि नानकटाई भाकरीसारखी पसरते. ओव्हन पुरता तापला नसेल तरी तेच होतं, कारण मैदा धरायच्या आत तूप सुटतं. पहिला घाणा पसरला आणि पुढचे नीट आले, तर दोष रेसिपीत शोधू नका, ओव्हनच्या तावात शोधा.

दुसरं कारण सोसण्याचं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हच्या एकाच डब्यात हीटर, मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. रोज एखादा केक त्याला जड नाही. सात-सात तास ओळीनं चालवला की सर्किट आणि पॅनेल तापतात, कधी सुरक्षेची कळ उडून तो मध्येच बंद पडतो. बिघाड झाला तर बोर्ड बदलण्याचा खर्च मोठा असतो. ओटीजीत मोडण्यासारखं तीनच गोष्टींचं: रॉड, थर्मोस्टॅट आणि टायमर. तिन्ही बदलता येतात आणि जाणता इलेक्ट्रिशियन ते काम करतो. वॉरंटी कार्ड मात्र दोन्हींचं वाचा. धंद्यासाठी वापरलं तर वॉरंटी नाही, असं बहुतेक घरगुती उपकरणांच्या कार्डावर असतंच.

किती लिटरचा, हा प्रश्न दुकानात विचारू नका. लिटर हे पोकळीचं माप आहे, त्यात उंचीही मोजली जाते आणि उंचीवर कुकीज बसत नाहीत. बेळगावच्या खडेबाजारात जा नाहीतर कोल्हापुरात, पर्समध्ये मेजरिंग टेप न्या आणि आतली रुंदी मोजा. सात इंची दोन भांडी शेजारी ठेवायची तर १८ आणि १८ सेंटिमीटर, शिवाय तीन ठिकाणी अडीच-अडीचची फट, म्हणजे साडेत्रेचाळीस. आठ इंची दोन हवी असतील तर २० आणि २०, वर तीन फटींचे तीन-तीन, म्हणजे ४९. साधारण ४० लिटरच्या ओटीजीत आठ इंची एकच नीट बसतं, दोन कोंबली तर ती भिंतीला टेकतात आणि टेकलेली बाजू करपते. तुमचे केक एक किलोचे आहेत. एक किलो क्रीम केकमध्ये स्पंज ५५०-६०० ग्रॅम असतो, बाकी क्रीम आणि पाक. तेवढा स्पंज सात इंची उंच भांड्यातही होतो. म्हणून आतून ४४ सेंटिमीटरच्या वर रुंदी मिळत असेल तो घ्या, मग पाटीवर लिटर काहीही लिहिलेले असोत. खोली ३० च्या वर हवी, नाहीतर ट्रे लहान येतो. भांडं जाळीवर ठेवल्यावर त्याच्या काठापासून वरच्या रॉडपर्यंत निदान सहा-सात सेंटिमीटर राहिले पाहिजेत, कारण केक फुगून वर येणार आहे.

पंखा असलेलाच घ्या. वरचे आणि खालचे रॉड वेगवेगळे चालू करता येतात का ते बघा. कोंबडी भाजायचा फिरता दांडा तुमच्या कामाचा नाही, त्याचे पैसे देऊ नका. आतला दिवा असू द्या. दार न उघडता केक दिसणं ही चैन नव्हे.

ओटीजीचा खरा अवगुण आता सांगतो, कारण दुकानदार तो सांगणार नाही. त्याच्या बटणावरचे आकडे अंदाजाचे असतात. १८० वर लावलेला ओटीजी आत १६० असू शकतो, २०० ही असू शकतो. मायक्रोवेव्हचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यापेक्षा बरं असतं. नवीन ओटीजीत केक करपला की बाया रेसिपी बदलतात, मैदा बदलतात, आणि बटण तेच ठेवतात.

यासाठी आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर वेगळा घ्या, तो काही शे रुपयांत येतो. पहिल्या दिवशी केक करू नका. ओव्हन नवीन असल्यानं रॉडवरच्या तेलाचा धूर निघतो, तो आधी खिडकी उघडून रिकामा वीस मिनिटं तापवून घालवा. मग थर्मामीटर मधल्या जाळीवर बरोबर मध्यात ठेवा, दोन्ही रॉड चालू, बटण १७० वर. वीस मिनिटांनी वाचायला लागा आणि पुढचा अर्धा तास दर पाच मिनिटांनी काचेतूनच आकडा लिहा. आकडा वरखाली होईल. थर्मोस्टॅट रॉड बंद-चालू करतच असतो, त्यात बिघाड नाही. समजा १६५, १८५, १९२, १७८, १७०, १९० असे आले. यांची सरासरी १८० येते. म्हणजे तुमचा ओव्हन बटणापेक्षा दहा अंश गरम चालतो, आणि १६५ हवे असतील तर बटण १५५ च्या आसपास ठेवायचं. ती खूण बटणाच्या शेजारी मार्करनं करा.

त्याच दिवशी एक ब्रेडचं पाकीट घ्या. ट्रेवर स्लाइस एकमेकांना लागून मांडा, १८० वर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून वरून बघा. कुठला कोपरा जास्त तांबूस झालाय ते एका नजरेत कळतं. बहुतेक वेळा मागची बाजू असते. त्या ओव्हनमध्ये कुकीजचा ट्रे अर्ध्या वेळेला पुढचा मागे करून फिरवायचा, एवढं त्यावरून ठरतं.

आता ओटीजीत तुमचा एक किलोचा केक. दोन्ही रॉड लावून तापवा. थर्मोस्टॅटचा दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला असं नाही, तेव्हा नुसती हवा तापलेली असते, भिंती गार असतात. दार उघडलं की ती हवा निघून जाते. दिवा दोनदा विझू द्या, पंधरा-वीस मिनिटं लागतात. मिश्रण कालवायला तेव्हाच सुरुवात करा. सात इंची उंच भांड्यात साधारण ६५० ग्रॅम मिश्रण, भांड्याच्या दोन तृतीयांशच्या वर नाही. भांडं जाळीवर ठेवा, काळ्या ट्रेवर नको. ट्रे खालच्या रॉडची उष्णता अडवतो आणि बूड पुन्हा पांढरं राहतं. जाळी अशा खाचेत लावा की भांड्याचा मध्य ओव्हनच्या मध्याशी येईल.

आत खरे १६५ अंश असू द्या. पहिली पंचवीस मिनिटं फक्त खालचा रॉड आणि पंखा, त्यानंतर दोन्ही रॉड. पंचवीस मिनिटांच्या आत दार उघडायचं नाही, तोवर केकची आतली जाळी धरलेली नसते आणि थंड झोत लागला की केक मध्ये खचतो. उंच भांडं असल्यानं चाळीस-पन्नास मिनिटं लागतील. दोन भांडी असतील तर तीस मिनिटांनी डावं-उजवं करा. केक भांड्याच्या काठापासून सुटायला लागला, मध्ये बोटानं हलकं दाबलं तर वर येतो आणि काडी कोरडी निघते, की झालं. बूड करपत असेल तर जाळी एक खाच वर घ्या, बटणाला हात लावू नका. वर लवकर रंग आला तर वरचा रॉड उशिरा लावा.

नानकटाईला दोन्ही रॉड, मधली खाच, खरे १६० अंश, पंधरा ते अठरा मिनिटं. दोन ट्रे एकदम लावायचा मोह होईल. पंखा असेल तर जमतं, पण अर्ध्या वेळेला वरचा खाली आणि खालचा वर करावाच लागतो, आणि वेळ तीन-चार मिनिटं वाढतो. पंखा नसेल तर नाद सोडा, खालच्या ट्रेचं बूड आणि वरच्या ट्रेचा माथा जळतो.

विजेचं बघू. ओटीजी १८०० ते २००० वॅटचा असेल, म्हणजे आठ-नऊ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट, भिंतीतून आलेली स्वतंत्र वायर आणि चांगलं अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर तो चालवायचा नाही. बाहेरचा पत्रा तापतो, म्हणून मागे आणि बाजूला दहा सेंटिमीटर मोकळे सोडा आणि वर काही ठेवू नका. घरातला इन्व्हर्टर हा भार उचलणार नाही.

कमी व्होल्टेजचा परिणाम दिसतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर १८०० वॅटचा रॉड १३६० वॅटचंच काम करतो, म्हणजे पाव ताकद गेली. तापायला पंधराऐवजी पंचवीस मिनिटं लागू शकतात. अशा वेळी घड्याळ बघून केक आत घालू नका, थर्मामीटर बघून घाला. मोठ्या ऑर्डरी दुपारी व्होल्टेज नीट असतं तेव्हा भाजा. क्रीम लावायचं काम संध्याकाळी करता येतं.

मध्येच लाईट गेली तर दोन्ही ओव्हन वेगळे वागतात. मायक्रोवेव्ह सगळं विसरतो. लाईट आल्यावर पुन्हा अंश आणि वेळ द्यावा लागतो. तेव्हा प्रीहीट दाबू नका, थेट कन्व्हेक्शन चालू करा आणि उरलेली मिनिटं द्या. ओटीजी लाईट आली की आपोआप तापायला लागतो, पण त्याचा चावीचा टायमर लाईट नसतानाही फिरतच असतो. वीस मिनिटं लाईट नव्हती तर टायमर वीस मिनिटं आधीच टण्ण करतो आणि केक आत कच्चा राहतो. म्हणून वेळ मोबाईलवर लावा आणि ओटीजीचा टायमर ‘स्टे ऑन’ वर ठेवा. मग बंद करणं मात्र तुमच्या हातात, विसरू नका. लाईट गेली तर दार मिटलेलंच असू द्या. तीस मिनिटं झालेला केक दहा-पंधरा मिनिटांचा खंड सोसतो. पहिल्या दहा मिनिटांत गेली आणि अर्धा तास आली नाही, तर तो केक ऑर्डरीत देऊ नका.

बिलाचाही अंदाज घ्या. १८०० वॅटच्या ओटीजीत तापायला पंधरा मिनिटं पूर्ण भार, म्हणजे ०.४५ युनिट. पुढची पन्नास मिनिटं रॉड साधारण निम्मा वेळ चालू धरले तर ०.७५. एका केकला सव्वा युनिटच्या आत. दोन शेजारी लावले तरी जवळपास तेवढंच, आणि इथं रुंदीचे पैसे वसूल होतात. तुम्ही कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत असाल तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर तुमची हक्काची युनिटं किती ते बघा. त्यावरची, पण २०० च्या आतली, तेवढीच भरावी लागतात. २०० ओलांडलीत तर महिन्याचं सगळं बिल येतं. सवलत घरगुती वापरापुरती आहे हेही ध्यानात असू द्या. दिवाळीच्या महिन्यात रोज मीटर वाचून ठेवा, म्हणजे नानकटाईचा दर ठरवताना वीज धरायची राहणार नाही.

मायक्रोवेव्हला नंतर काय काम? चॉकलेट वितळवणं, फ्रिजमधलं लोणी मऊ करणं, आणि अवेळी आलेली अर्ध्या किलोची ऑर्डर. सहा इंची एका भांड्यासाठी मोठा ओटीजी तापवत बसण्यापेक्षा हा लवकर ताव धरतो. ओटीजीत मोठे दोन केक असताना यात लहान तिसराही होतो, फक्त दोन्ही एका सॉकेटवर नकोत.